सगळ्यात आतली खुर्ची

काजलताईंनी चित्रातल्या खुर्च्या बोट लावून मोजल्या. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. दोन्ही वेळा आकडा तोच आला, तेव्हा त्यांनी लॅपटॉप नंदिनीकडे वळवला.

"अकरा," त्या म्हणाल्या. "म्या तीन सांगतल्या होत्या. बाकीच्या आठीवर कोन बसन? माही सासू?"

नत्थू मिस्त्री पाठमोरे उभे राहून प्लायवूडला रंधा मारत होते, त्यांचे खांदे हलले. रोहित सर मात्र हसले नाहीत. ते इंटिरियर डिझायनर. नागपूरच्या महाल भागातल्या या गाळ्याचं पार्लर करायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि त्यांच्या कामांची थ्रीडी चित्रं नंदिनी घरी बसून करायची. मुलगी झाल्यावर दीड वर्षं ती घरात होती. हे काम हाती येऊन तीन महिने झाले होते. घरबसल्या, मुलीच्या झोपेच्या वेळा सांभाळून करता येईल असं दुसरं काम तिला नागपुरात कुणी दिलं नव्हतं, आणि हे रोहित सरांनाही ठाऊक होतं.

"ताई, खुर्च्या तीनच आहेत," नंदिनी म्हणाली. "बाकीच्या आरशातल्या. समोरासमोर दोन भिंतींना आरसे आहेत ना. या आरशात तो दिसतो, त्यात पुन्हा हा."

"ते मले समजते वं. पन माह्या गिऱ्हाइकाले समजन का? पैल्या दिवशी बाई आत येईन आन म्हनन, इथं तर लग्नाच्या हॉलावानी खुर्च्या मांडल्या."

"क्लीन करून देतो," रोहित सर म्हणाले. "नंदिनी, रिफ्लेक्शनमधले डुप्लिकेट काढ. शुक्रवारी ताईंची सही घेऊ, लगेच काच कापायला टाकू."

गाळा म्हणजे नऊ फूट रुंद आणि चोवीस फूट खोल, महालातल्या गल्लीतल्या गाळ्यांसारखाच एक बोळ. दर्शनी बाजू पूर्ण काचेची. दार डाव्या हाताला, आणि दारातून आत चार फुटांवर, डाव्या भिंतीपासून पाच फूट पुढे आलेला एक आडोसा. तो काजलताईंनी हट्टानं मागून घेतला होता. अकरा वर्षं त्यांनी आपल्या घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवलं होतं आणि त्या खोलीला काय होतं, तर एक जाड निळा पडदा. हनुवटीचे केस काढायला येणारी शाळेची बाई, बाळंतपणानंतर टाळूवर विरळ झालेल्या मुली, डोक्यावरून ओढणी घेऊन आलेल्या आणि आत आल्यावरच ती काढणाऱ्या मागल्या मोहल्ल्यातल्या बाया, सगळ्या त्या पडद्याच्या भरवशावर यायच्या. गाळ्यात पडदा शोभणार नाही म्हणून आडोसा. आडोशामागे डाव्या भिंतीला तीन खुर्च्या, प्रत्येकीसमोर एक आरसा. आणि रोहित सरांच्या मनातली शोभेची गोष्ट म्हणजे उजवी भिंत: बारा फूट लांब, सात फूट उंच, अखंड आरसा. त्यामुळे बोळ दुप्पट रुंद दिसणार होता.

आणि खुर्च्या अकरा.

*

घरी येऊन नंदिनीनं ते आपल्या परीनं निस्तरायला घेतलं. समोरासमोर आरसे ठेवले की प्रकाशानं या आरशातून त्या आरशात किती उड्या मारायच्या, ते सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. तिनं उड्या कमी केल्या, तर सगळ्यात आतल्या आरशात काळा चौकोन उमटला, भिंतीला भगदाड पडल्यासारखा. वाढवल्या, तर खुर्च्यांची रांग थेट भंडाऱ्यापर्यंत. तिन्ही खुर्च्यांपुढच्या बाटल्या, टॉवेल, कंगव्यांचे पेले एकाच नमुन्याचे होते, एकदा मांडून दोनदा उतरवलेले, ते बदलले. एकीच्या पुढ्यात बाटली आडवी केली, एका खुर्चीवरचा टॉवेल अर्धवट उलगडला, तिसरी खुर्ची थोडी फिरवली. नजरेला जरा विसावा मिळाला. तरीही मोठा आरसा होता तोवर पाठीमागची गर्दी काही हटेना.

"काय करून राहिली वं सकाळपासून? त्याच त्या खुर्च्या पायते," सासूबाई मीराबाई म्हणाल्या. छोटी मित्रा आजीच्या मांडीवर बसून चमचा चावत होती.

"एकीच्या चार दिसतात, आई. त्या कमी करते आहे."

"आरसा काढून टाक मंग. आरसाच नसन तर कशाच्या चार दिसतीन?"

नंदिनी हसली. पण मीराबाई गंमत करत नव्हत्या, हे तिच्या दोन दिवसांनी ध्यानात आलं.

*

मंगळवारी तिला मापं पुन्हा घ्यायला गाळ्यावर जावं लागलं. मीराबाई गुडघा दाखवायला दवाखान्यात गेलेल्या, नवरा नागसेन खापरखेड्याच्या वीजकेंद्रात पहिल्या पाळीवर. म्हणून मित्रा कडेवरच होती. दर दहा मिनिटांनी नंदिनीचं लक्ष तिच्या तोंडाकडे जायचं, काही उचलून तर नाही खाल्लं. खिळे, भुसा, फेव्हिकॉल, चुन्याची पिशवी. गाळाभर मुलाच्या जिवावर उठलेल्या वस्तू.

सक्करदऱ्याच्या घरून ऊन खात आलेलं पोर रडायला लागलं. नत्थूभाऊ चहाला गेले होते. आडोशाचं प्लायवूड उभं राहिलेलं होतं. नंदिनी पार आत गेली, जिथं तिसरी खुर्ची यायची तिथं, एक रंगाचा डबा पालथा घातला, डाव्या भिंतीला पाठ लावून बसली आणि मित्राला पदराखाली घेतलं. इथं कोणी येत नाही, कुणाला दिसत नाही. तिनं पहिल्यांदा खांदे सैल सोडले.

मग मान वर केली.

काजलताईंच्या जुन्या पार्लरमधला एक आरसा नत्थूभाऊंनी आणून उजव्या भिंतीशी, आडोशाच्या जरा आतल्या बाजूला, दोन डब्यांवर उभा करून ठेवला होता. त्या आरशात गल्ली होती. गल्लीपलीकडचा पानठेला होता. ठेल्याचा बाक होता, बाकावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसलेला एक माणूस होता, आणि तो माणूस आरशातून सरळ तिच्याकडे पाहत होता.

तिनं पदर ओढला तेव्हा त्यानंही मान वळवली. म्हणजे त्याला दिसत होतं. आपल्याला आरशात ज्याचे डोळे दिसतात, त्याला आपलेही दिसतात; यात सॉफ्टवेअरचा काही संबंध नाही.

घरी परतेपर्यंत तिची कानशिलं तापलेली होती. राग त्या माणसाचा तेवढा नव्हता. तो आपल्या बाकावर बसला होता. राग स्वतःचा होता. महिनाभर ती हा गाळा काढत होती, प्रत्येक चौकटीची जाडी तिला पाठ होती, आणि काचेबाहेर तिनं काय ठेवलं होतं? काही नाही. नुसता पांढरा उजेड. सगळेच तसं करतात; बाहेर पांढरं ठेवलं की आत गोड प्रकाश पडतो आणि आरशात नको ते काही येत नाही. तिनं गल्लीच पुसून टाकली होती आणि वर चित्र खरं वाटतं म्हणून शाबासकी घेतली होती.

त्या दुपारी मित्रा झोपल्यावर तिनं गल्ली घातली. दहा फूट रुंदी, पलीकडे ठेला, ठेल्याचा बाक गाळ्याच्या डाव्या कोपऱ्याच्याही थोडा डावीकडे. सगळं गाळ्यावर काढलेल्या फोटोंवरून. मग कॅमेरा उचलला आणि पहिल्यांदाच आत न ठेवता बाहेर ठेवला. बाकावर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला. तिसऱ्या खुर्चीवर तिनं एक बाई बसवली.

पहिली खुर्ची दिसत नव्हती. आडोसा आपलं काम करत होता. पण सगळ्यात आतली, सगळ्यात सुरक्षित समजलेली तिसरी खुर्ची, ती मोठ्या आरशाच्या कडेत अख्खी उभी होती. बाईची पाठ आणि मान. कॅमेरा बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकवला तर पाठीच्या जागी चेहरा आला. बाई आपल्या आरशात पाहत होती, तो आरसा मोठ्या आरशात दिसत होता, आणि तिथून चेहरा गल्लीत.

म्हणजे रोहित सर ज्याला डुप्लिकेट म्हणत होते, जे पुसायचं होतं, ते हेच. आरशातल्या आरशातली बाई.

*

"मग पूस ना," रोहित सर फोनवर म्हणाले. "मी तेच तर सांगतोय दोन दिवसांपासून."

"सर, चित्रातून पुसता येईल. गाळ्यातून कसं पुसणार?"

"हे बघ, तू व्हिज्युअलायझर आहेस. डिझाइन मी करतो. मोठा आरसा या जागेची जान आहे. आणि बाकावरून बघायला कोण बसणार आहे? चार म्हातारे."

"मला दिसलं, सर. मंगळवारी."

"ते डब्यावर कसाबसा ठेवलेला आरसा होता. कलला असेल. फायनल फिटिंग वेगळी असते."

"म्हणून तर मॉडेलमध्ये तपासलं. तिथं आरसा ओळंब्यात आहे."

पलीकडे जरा वेळ कीबोर्ड वाजला. मग तिच्या मोबाइलवर एक चित्र आलं. तिचंच चित्र सरांनी एआयमधून काढून आणलेलं. सुंदर होतं, तसं म्हणायला तिला संकोच वाटला नाही. पीच रंगाची आभा, खुर्च्यांच्या चामड्यावर लोण्यासारखा उजेड, तीन खुर्च्या आणि मोठ्या आरशात फक्त एक. गर्दी गायब. तिनं ते मोठं करून पाहिलं. आरशातल्या त्या एका खुर्चीचा खाली-वर करायचा दांडा खोलीतल्या कुठल्याच खुर्चीच्या दांड्याशी जुळत नव्हता. आरशात एक फुलदाणी होती, खोलीत नव्हती. दार नव्हतं. आडोसा नव्हता. गल्ली तर कधी नव्हतीच.

"दहा सेकंदांत झालं," सर म्हणाले. "तू तीन दिवस घालवलेस. शुक्रवारी अकराला हे दाखवायचं. तुझं ते बाकावरचं वगैरे डिलीट कर. सिव्हिल लाइन्सच्या दोन फ्लॅटचं काम तुझ्यासाठी ठेवलंय, लक्षात ठेव."

नागसेन पाळी संपवून आला, हातपाय धुऊन मित्राला घेऊन बसला. नंदिनीनं त्याला दोन्ही चित्रं दाखवली. त्यानं ती आळीपाळीनं मोठी करून पाहिली.

"काम गेलं तर?" तो म्हणाला.

"गेलं तर गेलं, असं मला म्हणता येत नाही. तुला येतं का?"

"नाई येत." त्यानं मुलीच्या मुठीतून आपली कॉलर सोडवली. "पन थ्या खुर्चीवर तू बसली असती तं मी काय म्हनलो असतो, ते मले मालूम हाये."

"मी बसले होते," नंदिनी म्हणाली, आणि मंगळवारचं सांगितलं.

त्यावर तो उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "शुक्रवारी मी सुटी टाकू का? पोरीले पायतो."

"नको. तिला घेऊनच जाते."

का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. एरवी ती सिमेंटच्या धुळीला घाबरणारी बाई. पण त्या गाळ्यातून आपण काहीतरी लपवून पळालो, हे तिच्या मनाला लागलं होतं, आणि परत जायचं तर तशीच जायचं होतं, जशी त्या दिवशी गेली होती.

*

शुक्रवारी अकराला सगळे हजर. काजलताई पंजाबी ड्रेसवर कामाचा एप्रन तसाच घालून आलेल्या. घरी एक गिऱ्हाईक मेंदी लावून बसवून आल्या होत्या. नत्थूभाऊंनी उजव्या भिंतीवर पेन्सिलीनं बारा बाय सातचा चौकोन आखून ठेवला होता. काचवाल्याचा माणूस फोनची वाट पाहत होता. एकदा कापली की ती काच परत घेतली जात नाही, हे त्यानं तीनदा बजावलं होतं.

रोहित सरांनी टॅबवर चित्र लावलं. काजलताईंचा चेहरा उजळला.

"हे बाई झकास. गर्दी गेली. आन बाया किती गोऱ्या दिसतीन इथं."

"प्रकाशच तसा दिलाय," सर म्हणाले. "तर फायनल?"

"काजलताई," नंदिनी म्हणाली. मित्रा तिच्या कडेवर होती आणि तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी चोखत होती. "सही करण्याआधी माझंही एक पाहा."

"नंदिनी," रोहित सर म्हणाले. आवाज चढला नव्हता. नुसतं नाव.

तिनं लॅपटॉप उघडून फळीवर ठेवला. गल्लीतून दिसणारा गाळा. बाक. काच. आडोसा. आणि आडोशाच्या पलीकडे, आरशाच्या पट्टीत, तिसऱ्या खुर्चीवरच्या बाईचा चेहरा.

काजलताई पुढे झुकल्या. "ही कोन?"

"तुमची तिसऱ्या खुर्चीवरची बाई. ठेल्याच्या बाकावरून दिसते ती."

"आडोसा हाये ना मधात."

"आडोसा सरळ पाहणाऱ्याला अडवतो. हा समोरचा आरसा नजर वळवून आडोशामागे नेतो."

"सॉफ्टवेअरमध्ये काहीही दिसतं, ताई," रोहित सर म्हणाले. "ही तिची चूक आहे मॉडेलमधली. आणि बाई भिंतीकडे तोंड करून बसणार. बाहेरून दिसली तरी पाठ दिसेल, वेणी. त्यात काय एवढं?"

नंदिनीनं काजलताईंच्या एप्रनच्या खिशाकडे पाहिलं. त्यातून हातातल्या गोल आरशाचं दांडकं बाहेर आलं होतं.

"ताई, केस कापून झाले की मागची बाजू दाखवायला तुम्ही गिऱ्हाइकाच्या मागे काय धरता?"

"हा." काजलताईंनी आरसा काढला, आणि काढता काढताच त्यांचा हात थांबला. त्यांनी आरशाकडे पाहिलं. मग डाव्या भिंतीकडे, मग पेन्सिलीच्या चौकोनाकडे. अकरा वर्षं रोज वीस वेळा जे हातानं केलं होतं, ते भिंतीएवढं मोठं होऊन त्यांच्यापुढे उभं राहिलं. "म्हंजे हा एवढा मोठा आरसा माह्या बाईच्या मागं धरला मी. आन दाखवून कोनाले राहिली, तर गल्लीले."

"थिऑरेटिकली," रोहित सर म्हणाले.

"मंग करून पाहू. नत्थूभाऊ, थो जुना आरसा उचला. चौकोनाच्या आत धरा, आडोशाकडच्या कडेले. सीधा धरा. ओळंबा लावा वाटलं तर, मंग सायेब म्हनतीन कलला होता."

नत्थूभाऊंनी खरोखरच ओळंबा सोडला, दोरी थांबेपर्यंत वाट पाहिली आणि आरसा भिंतीला चिकटवून धरला. "आता हाललो तं मले म्हना," ते म्हणाले.

नंदिनी आत गेली. डबा तिथंच होता. ती डाव्या भिंतीकडे तोंड करून बसली, मित्राला मांडीवर घेतलं आणि काजलताईंचा गोल आरसा तोंडापुढे धरला, जिथं तिसऱ्या खुर्चीचा आरसा येणार होता तिथं.

काजलताई एप्रनसकट गल्ली ओलांडून पलीकडे गेल्या.

ठेल्याचे वामनराव सुपारी कातरायचे थांबले. बाकावर दोघं होते. काजलताई म्हणाल्या, "सरका," आणि मधे बसल्या. महालातल्या त्या बाकावर बाई बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. दोघांपैकी एक तर उठूनच उभा राहिला.

"काय देऊ, ताई?" वामनराव गडबडून म्हणाले.

"काई नाई. पाहून राहिली मी." त्यांनी मान या बाजूला केली, त्या बाजूला केली, बाकाच्या टोकाला सरकल्या. आणि गल्लीतून ओरडून म्हणाल्या, "नंदिनी, तुह्या पोरीच्या तोंडात काय हाये?"

"दोरी," नंदिनीनं आतून उत्तर दिलं. तिच्या हातातल्या गोल आरशात नत्थूभाऊंनी धरलेला आरसा होता, त्यात गल्ली, आणि गल्लीत काजलताईंचे डोळे.

"दोरीच हाये," काजलताई म्हणाल्या. "हिरवी."

वामनराव घसा खाकरून म्हणाले, "ताई, आमी काई तिकडं पाहत नाई. आमाले आपला धंदा."

"तुमी नाई पाहत, काका. पन तुमच्या बाकाले दिसते."

त्या बाकावरून उठल्या. रोहित सर तोवर नंदिनीजवळ येऊन उभे राहिले होते. ते हळू बोलत होते, समजुतीनं बोलावं तसे.

"एक वाक्य बोल. मॉडेलमध्ये गडबड झाली होती, मोठा आरसा जरा आत सरकवला की चालतं. संपलं. मी आरसा दोन फूट आत घेतो, क्लायंट खूश, मी खूश, सिव्हिल लाइन्सचं काम उद्यापासून सुरू. नाहीतर मला उद्यापासून दुसरी मुलगी बघावी लागेल. माझ्या क्लायंटसमोर मला खोटं पाडणारी मला परवडत नाही."

नंदिनीनं मनातल्या मनात आरसा दोन फूट आत सरकवला. तिसरी खुर्ची तरी दिसत होतीच, थोडी कमी, पण दिसत होती. तो प्रश्न मागेच तपासून झालेला होता. राहिला होता तो दुसरा, कामाचा. मित्राच्या लशींचे डोस, भाड्याचं घर, दिवसाचे चार तास, जे फक्त तिचे होते.

काजलताई आत आल्या. "काय ठरून राहिलं तुमचं?"

"नंदिनीला काही सांगायचंय," रोहित सर म्हणाले.

"हो," नंदिनी उठून उभी राहिली. तिनं पोरीला कडेवर नीट घेतलं. "चूक माझीच होती, ताई. पहिल्या चित्रात मी बाहेर गल्लीच ठेवली नव्हती. नुसतं पांढरं ठेवलं होतं, चांगलं दिसतं म्हणून. तेव्हाच ठेवली असती तर हा आरसा कुणी आखलाच नसता. मंगळवारी मी इथं, या डब्यावर, हिला दूध पाजत होते. आडोशामागे आहे म्हणून निवांत. आणि बाकावरून मला पाहिलं गेलं. आरसा दोन फूट आत घेतला तरी दिसेल, मी तेही करून पाहिलंय."

नत्थूभाऊ अजून आरसा धरूनच उभे होते. त्यांनी तो हळूच खाली ठेवला आणि तोंड भिंतीकडे करून ठेवला.

"चला," रोहित सर म्हणाले. टॅब बंद केला. "ताई, तुम्ही विचार करून सांगा. आरसा नसेल तर हा गाळा बोळ दिसेल, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. मग माझं नाव लावू नका याला."

"बोळच हाये थो," काजलताई म्हणाल्या. "म्या बोळच घेतला. आन नावाचं म्हनाल तं पाटीवर माहं नाव हाये."

"नंदिनी, तुला सोडतो सक्करदऱ्याला. गाडीत बोलू." हे त्यांनी दारातून म्हटलं, आणि त्यात अजून एक फट होती. बसली तर गाडीत ते वाक्य पुन्हा मागितलं जाणार होतं. दिलं तर काम राहणार होतं. दोघांनाही ते कळत होतं.

"तुम्ही निघा, सर," नंदिनी म्हणाली. "माझं इथं राहिलंय."

ते गेले. काजलताईंनी काचवाल्याला फोन लावला. "कापू नको. नाई. बारा फुटी नाईच पाहिजे. तीन लहान पाहिजे, मापं आज्जच देते." मग फोन ठेवून त्या रिकाम्या उजव्या भिंतीपुढे उभ्या राहिल्या. "आता इथं काय करू वं? नुसती भिंत वाईट दिसन का?"

"ही भिंत तुमच्या बाईला तिच्या आरशात डोक्यामागे दिसणार आहे," नंदिनी म्हणाली. "चकचकीत काही नको. रंग मऊ, उन्हात वाळलेल्या गव्हासारखा. त्यावरून उजेड परतला की चेहऱ्यावर नरम पडतो."

"आन लाइट? सायेबानं वर छताले दिल्ते सगळे, डोक्यावर."

"डोक्यावरचा दिवा डोळ्यांखाली सावली पाडतो. तीस वर्षांची बाई चाळिसाची दिसते. आरशाच्या दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या लावा, चेहऱ्याच्या उंचीला. पिवळ्याजर्द नको, निळसर पांढऱ्या नको. मेकअपचा रंग इथं जो दिसेल तोच बाहेर उन्हात दिसला पाहिजे."

"तेच तर रडनं असते. इथून नवरी गोरी जाते, मांडवात राखेवानी दिसते. मंग शिव्या मले."

नत्थूभाऊंनी कानामागची पेन्सिल काढली आणि नंदिनीकडे पाहिलं. "ताई, बोला. किती उंचीले?"

"बसा आधी तुम्ही, काजलताई. डब्यावर. ताठ नको, गिऱ्हाईक बसतं तशा."

काजलताई बसल्या. मित्राला त्यांनी मांडीवर ओढून घेतलं. तिनं ताबडतोब एप्रनचा खिसा तपासायला घेतला, आणि नंदिनीनं एकदा पाहून घेतलं की कात्री वरच्या खिशात आहे. मग तिनं टेप जमिनीपासून ताणला.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. एकदा. थोड्या वेळानं पुन्हा, जरा लांब.

"थांबले हायेत वाटते," नत्थूभाऊ दाराकडे पाहत म्हणाले.

"वाजू द्या," नंदिनी म्हणाली. तिनं काजलताईंची हनुवटी दोन बोटांनी जराशी वर केली, डोळ्यांची रेघ पाहिली आणि अंगठा टेपवर दाबून धरला. "चार फूट. पट्टीचा मध्य इथं येऊ द्या. खूण करा."

तिसरा हॉर्न वाजला तेव्हा नत्थूभाऊ खूण करत होते, आणि ती दुसऱ्या बाजूचं माप धरून उभी होती.